सध्याचा पगार न सांगता अपेक्षा कशी सांगावी?

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. एकूण अनुभव आठ वर्षांचा. बाळंतपणानंतर अडीच वर्षे घरी होते आणि परतताना एका छोट्या कंपनीत मिळेल तो पगार स्वीकारला. सध्या सीटीसी ८ लाख ४० हजार आहे. माझ्याइतका अनुभव असलेले आणि हेच ऑटोमेशनचे काम करणारे जुने सहकारी १३ ते १५ लाख घेतात. गेल्या महिन्यात एका कन्सल्टन्सीच्या फोनवर मी खरा आकडा सांगून टाकला. मुलाखती उत्तम झाल्या, पण ऑफर आली ती साडेदहा लाखांची, ‘तुम्हाला २५ टक्के हाइक देतोय’ असे म्हणून. मी ती नाकारली. आता दुसऱ्या एका कंपनीच्या एचआरचा फोन येणार आहे. सध्याचा पगार सांगायचे टाळले तर उद्धट वाटेल का? खोटा आकडा सांगावा असे मैत्रिणी म्हणतात, पण ते मला जमणार नाही. नेमके काय बोलावे?
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर :

सध्याचा पगार सांगण्यास नकार देणे उद्धटपणाचे नाही आणि बेकायदाही नाही. मात्र तो नकार एकटा उभा राहू शकत नाही. त्याच्या आधी तुमचा स्वतःचा, विचारपूर्वक काढलेला आकडा समोर ठेवलेला असला पाहिजे. भरतीच्या कामात मी अनेक वर्षे काढली आहेत, आणि नकार फसतो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी. उमेदवार ‘सध्याचा पगार सांगणार नाही’ म्हणतो आणि अपेक्षेविषयी विचारल्यावर ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे द्या’ असे उत्तर देतो. मग समोरच्या माणसाकडे पुढे लिहायला काहीच उरत नाही आणि तो पुढच्या नावाकडे वळतो.

फोन करणाऱ्याला हा प्रश्न का विचारावा लागतो, हे आधी पाहू. त्याच्यासमोर एक तक्ता असतो आणि त्यात करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी आणि नोटीस पीरियड असे तीन रकाने असतात. कन्सल्टन्सीचा माणूस असेल तर त्याचे पैसे कंपनी देते, तेही उमेदवार रुजू झाल्यावर आणि बहुधा वार्षिक सीटीसीच्या ठरावीक टक्क्यांनी. ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा त्यातला ओळखीचा दर आहे. त्यामुळे तुमचा पगार पाडण्यात त्याचा थेट फायदा नसतो. त्याला फक्त बजेटमध्ये बसणारा आणि शेवटी नक्की रुजू होणारा माणूस हवा असतो. कंपनीच्या स्वतःच्या एचआरचे गणित थोडे निराळे असते. त्यांच्याकडे त्या पदाची किमान आणि कमाल पगाराची चौकट ठरलेली असते, पण जोडीला अनेक ठिकाणी असाही नियम असतो की नव्या माणसाला सध्याच्या पगारावर २५ किंवा ३० टक्क्यांहून अधिक वाढ द्यायची झाल्यास वरची खास मंजुरी घ्यावी लागते. तुमच्या बाबतीत नुकसान झाले ते या दुसऱ्या नियमाने. ८ लाख ४० हजारांवर ३० टक्के धरले तरी आकडा १० लाख ९२ हजारांवर थांबतो, मग त्या पदाची चौकट १२ ते १६ लाखांची का असेना. तुमच्या कामाचे मोल मुलाखतीत ठरले, पण पगार ठरला तो अडीच वर्षांच्या खंडानंतर अडचणीत स्वीकारलेल्या आकड्यावरून. अशाने एकदा कमी मिळालेला पगार पुढच्या प्रत्येक नोकरीत माणसाच्या पाठीमागे येत राहतो, आणि घरातल्या जबाबदारीसाठी थांबलेल्या बायकांना त्याचा फटका सर्वांत जास्त बसतो. हे अन्यायाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

हेच कारण ओळखून काही देशांनी हा प्रश्न विचारण्यावरच बंदी घातली आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने तसा कायदा २०१६ मध्ये केला, कॅलिफोर्नियात तो १ जानेवारी २०१८ पासून लागू झाला आणि युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन-पारदर्शकता निर्देशातही उमेदवाराचा आधीचा पगार विचारण्यास मनाई आहे. तिकडे नोकरी करणाऱ्या आपल्या वाचकांनी आपापल्या राज्याचा वा देशाचा नियम जरूर पाहावा. भारतात मात्र असा कायदा नाही. इथे कंपनीला विचारण्याची मोकळीक आहे आणि तुम्हाला न सांगण्याची. त्यामुळे काही ठिकाणी तुमचा नकार अडकणार, हे धरूनच तयारी करावी.

तयारीची सुरुवात आकड्यापासून करा. सहकारी १३ ते १५ लाख घेतात हे तुम्हाला ठाऊक आहे, पण ते सीटीसी आहे की फिक्स्ड, हे विचारले आहे का? हा फरक मोठा असतो. पगाराची माहिती देणाऱ्या संकेतस्थळांवरचे आकडे लोकांनी स्वतः भरलेले असतात, त्यात जुने-नवे सगळे मिसळलेले असते आणि फिक्स्ड-व्हेरिएबलचा फरक बहुधा दिसत नाही. त्यामुळे त्यांचा उपयोग फक्त अंदाजापुरता करावा. अधिक भरवशाची माहिती मिळते ती गेल्या वर्षभरात नोकरी बदललेल्या दोन-तीन माणसांकडून. त्यांना ‘पगार किती’ असे विचारण्याऐवजी ‘या कामासाठी या अनुभवाला सध्या फिक्स्ड किती मिळते’ असे विचारले तर ते संकोच न करता सांगतात.

समजा, या चौकशीतून तुमच्या कामासाठी फिक्स्ड १४ लाख हा योग्य आकडा ठरला. त्याचा प्रत्यक्षात अर्थ काय होतो ते पाहू. बहुतेक कंपन्या फिक्स्डमध्ये स्वतःच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही धरतात. मूळ वेतन निम्मे, म्हणजे ७ लाख मानले आणि पीएफ पूर्ण मूळ वेतनावर कापला जात असेल, तर कंपनीचा १२ टक्के वाटा ८४ हजार आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी सुमारे ३३ हजार ७०० होते. ते वजा जाता १२ लाख ८२ हजार उरतात. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ८४ हजार आणि व्यवसाय कर अडीच हजार गेला की आयकर कापण्यापूर्वी महिन्याला साधारण ९९ हजार ६०० रुपये हाती येतात. आता याच्याशेजारी साडेपंधरा लाखांच्या सीटीसीची दुसरी ऑफर ठेवा, ज्यात १५ टक्के व्हेरिएबल आहे. त्यातले फिक्स्ड १३ लाख १७ हजार ५०० भरते. ऐकायला मोठा असलेला आकडा प्रत्यक्षात ८२ हजारांनी लहान निघाला, आणि व्हेरिएबल पूर्ण मिळेलच याची हमी नाही. म्हणून अपेक्षा नेहमी फिक्स्डमध्ये सांगा आणि व्हेरिएबल वेगळे राहील, हे त्याच वाक्यात स्पष्ट करा.

आकडा एकच सांगा. ‘१२ ते १५’ असे म्हटले की पलीकडे १२ लिहिले जातात. मनात मात्र दुसरा आकडा पक्का असू द्या, ज्याच्या खाली तुम्ही जाणार नाही. तुमच्या बाबतीत तो फिक्स्ड १२ लाख ५० हजार असावा, असे मला वाटते. तो कोणालाही सांगण्याची गरज नाही. १४ ऐवजी १८ सांगून पाहावे, असाही सल्ला तुम्हाला मिळेल. तसे करू नका. सध्याचा पगार न सांगणाऱ्या उमेदवाराच्या मागणीकडे एचआर आधीच बारकाईने पाहत असतो. ती मागणी पदाच्या चौकटीत बसणारी असली, तरच तो वर जाऊन तुमच्या बाजूने बोलू शकतो.

फोन येण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी तपासा. नोकरीच्या पोर्टलवरच्या तुमच्या प्रोफाइलमध्ये सध्याचा पगार भरलेला आहे का, ते पाहा. नोकरी डॉट कॉमसारख्या ठिकाणी हा रकाना असतो, आपण तो कधीतरी भरून विसरतो, आणि फोन करणारा तो वाचूनच फोन करतो. तिथे ८ लाख ४० हजार दिसत असताना फोनवर नकार दिला तर तो लपवाछपवीसारखा वाटतो. रकाना रिकामा ठेवता येत असेल तर ठेवा. येत नसेल तर खरा आकडाच राहू द्या, आणि त्या पोर्टलवरून आलेल्या फोनवर नकाराऐवजी ‘प्रोफाइलमध्ये दिसतो तो पगार खंडानंतर परतताना स्वीकारलेला आहे, माझी अपेक्षा या पदाच्या कामावर आधारलेली आहे’ असे सांगा. दुसरी गोष्ट म्हणजे तुमचे अपॉइंटमेंट लेटर. त्यात पगाराचा तपशील बाहेर सांगू नये, असे कलम बऱ्याचदा असते. तुमच्या पत्रात ते असेल तर नकाराला तेवढे एक खरे कारण मिळते. नसेल तर ते असल्याचे सांगू नका.

आता प्रत्यक्ष बोलण्याकडे येऊ. प्रश्न बहुधा एका दमात येतो : ‘करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड आणि नोटीस पीरियड सांगा.’ तुमचा नोटीस पीरियड साठ दिवसांचा आहे असे धरून मी असे उत्तर देईन :

‘नोटीस पीरियड साठ दिवसांचा आहे. माझी अपेक्षा फिक्स्ड चौदा लाखांची आहे, व्हेरिएबल असेल तर ते त्याहून वेगळे. सध्याचा पगार मी या टप्प्यावर सांगत नाही, कारण तो वेगळ्या परिस्थितीत ठरलेला आहे आणि या पदाच्या जबाबदारीशी त्याचा संबंध नाही. चौदा लाख तुमच्या या पदाच्या बजेटमध्ये बसतात का, एवढे सांगाल का? बसत नसतील तर दोघांचाही वेळ वाचेल.’

फोन हिंदीत किंवा इंग्रजीत झाला तरी क्रम हाच ठेवा. जे देता येते ते आधी दिले आहे, त्यामुळे तीनपैकी दोन रकाने लगेच भरतात. नकार मधे आणि एकाच वाक्यात आहे, त्याला माफी जोडलेली नाही आणि लांबलचक खुलासाही नाही. शेवटी प्रश्न आहे, म्हणून पुढचे बोलणे बजेटवर होते. अनुभवी माणूस बहुतेक वेळा इथेच ‘चौदा जरा जास्त होतात, तेरापर्यंत जमेल’ किंवा ‘ठीक आहे, बसते’ असे काहीतरी सांगून टाकतो. पदाच्या चौकटीविषयी त्याच्याकडून कळलेली ही पहिली खरी गोष्ट असते, तिची नोंद करून ठेवा.

फोन संपला की त्याच दिवशी दोन ओळींची मेल पाठवा, त्यात अपेक्षेचा आकडा फिक्स्ड या शब्दासह लिहा. या मेलचा उपयोग पुढे होतो, ते खाली सांगते.

काही जण आग्रह धरतात. ‘कंपनीचे धोरण आहे, रकाना भरल्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही’ हे त्यांचे नेहमीचे वाक्य असते आणि पुष्कळदा ते खरेही असते. अशा वेळी त्यांची अडचण मान्य करून मार्ग सुचवा : ‘त्या रकान्यात माझ्या नावापुढे “उमेदवाराने दिलेला नाही” अशी नोंद करून अपेक्षेचा आकडा ठळक लिहिता येईल का?’ ऑनलाइन अर्जात रकाना सक्तीचा असेल आणि त्याला फक्त अंक चालत असतील, तर शून्य लिहा आणि सोबतच्या मेलमध्ये किंवा शेऱ्याच्या जागी शून्य का लिहिले ते सांगा. शून्य पाहून कोणाची दिशाभूल होत नाही. पण तिथे १२ लाखांसारखा पटण्याजोगा खोटा आकडा लिहिला तर अर्जाखालच्या ‘दिलेली सर्व माहिती खरी आहे’ या वाक्यावर तुम्ही खोटी सही केलेली असते.

तुम्हाला खोटे जमणार नाही हे तुमच्या फायद्याचेच आहे, कारण आपल्याकडे पगार शेवटी उघड होतोच. ऑफरच्या वेळी शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागितल्या जातात, काही कंपन्या बँकेचे विवरण, शेवटच्या पगारवाढीचे पत्र किंवा फॉर्म १६ सुद्धा मागतात, आणि रुजू झाल्यावर बाहेरच्या संस्थेकडून पार्श्वभूमीची पडताळणी होते. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर आयकर नीट कापला जावा म्हणून आधीच्या मालकाकडील उत्पन्नही नव्या कंपनीला कळवले जाते. सांगितलेला आणि कागदावरचा आकडा जुळला नाही तर ऑफर मागे घेतली जाते, आणि तोवर जुन्या नोकरीचा राजीनामा दिलेला असतो. स्लिपवरचे आकडे खाडाखोड करून किंवा बदलून पाठवणे तर त्याहून गंभीर, ते कागदपत्रांचे बनावटीकरण ठरते.

म्हणजे तुम्ही मागत आहात तो केवळ क्रमाचा बदल आहे. आधी पद, काम आणि आकडा ठरावा आणि मग पडताळणी व्हावी. हे उघडपणे सांगितले तर नकाराची धारही कमी होते : ‘पगाराबाबत आपले ठरल्यानंतर पडताळणीसाठी लागतील ती सर्व कागदपत्रे मी देईन.’ मात्र स्लिप पाठवण्यापूर्वी ठरलेला आकडा मेलवर लेखी घ्या. पूर्ण ऑफर लेटर कागदपत्रांआधी मिळणे अवघड असते, पण ‘फिक्स्ड १४ लाखांवर आपली सहमती झाली आहे, कागदपत्रे मिळाल्यावर ऑफर लेटर देऊ’ अशा एका ओळीला बहुतेक एचआर तयार होतात. जो ही एक ओळही लिहायला तयार नाही, त्याच्या मनात आकडा अजून ठरलेला नाही, असे समजा.

स्लिप पाहिल्यावर फोन येण्याची शक्यता आहे : ‘मॅडम, ही तर ६५ टक्क्यांहून जास्त वाढ होते, मॅनेजमेंट मान्य करणार नाही.’ ८ लाख ४० हजारांवरून १४ लाखांवर जाताना तसे म्हटले जाणारच. इथे गडबडून जाऊ नका आणि स्वतःच्या परिस्थितीची कहाणीही सांगत बसू नका. पहिल्या दिवसाच्या मेलचा आधार घ्या : ‘माझी अपेक्षा पहिल्या फोनपासून हीच आहे आणि ती तुम्हाला लेखी कळवलेली आहे. चारही मुलाखती त्याच पदासाठी झाल्या. सध्याचा पगार खंडानंतरच्या पहिल्या नोकरीचा आहे, तो या पदाच्या कामाचे मोजमाप नाही. तुमच्याकडे याच पदावर याच अनुभवाच्या माणसांना जे मिळते, त्याच्याशी तुलना करून पाहावी.’ शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण खास मंजुरीसाठी एचआरला वर जी टिपणी पाठवावी लागते तिच्यात टिकणारा मुद्दा हाच असतो. थोडे खाली यावे लागले तर १२ लाख ५० हजारांपर्यंत या, आणि सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल असे आश्वासन मिळाले तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. तोंडी आश्वासन देणारा माणूस सहा महिन्यांनी त्या कंपनीत असेलच असे नाही.

एक प्रसंग असाही येईल की पहिल्याच फोनवर ‘पगार सांगितल्याशिवाय प्रोफाइल पुढे पाठवता येणार नाही’ असे ठाम उत्तर मिळेल. माझ्या अनुभवात मोठ्या सेवा देणाऱ्या आयटी कंपन्यांत हे अधिक घडते, कारण तिथे हजारोंची भरती एकाच साच्यातून होते. स्वतःचे उत्पादन बनवणाऱ्या कंपन्या, परदेशी कंपन्यांची इथली केंद्रे आणि स्टार्टअप यांच्याकडे तुलनेने अधिक लवचीकपणा असतो. अडवणूक झालीच तर तुमच्यापुढे दोन मार्ग राहतात. नोकरीची घाई नसेल तर नम्रपणे थांबा. ती जागा खरोखर हवी असेल तर आकडा सांगा, पण तो एकटा सांगू नका : ‘सध्याचे सीटीसी आठ लाख चाळीस हजार आहे, ते करिअरमधील खंडानंतर स्वीकारलेले आहे. फिक्स्ड चौदा लाखांच्या बजेटला मान्यता असेल तरच मला पुढे जायचे आहे.’ मागच्या वेळी तुम्ही खरे सांगितले यात काही गैर नव्हते. त्या खऱ्या आकड्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवलेला नव्हता, म्हणून तक्त्यात तो एकटाच वर गेला. मधल्या काळात एखादी दुसरी लेखी ऑफर हाती आली तर काम आणखी सोपे होते, कारण मग चर्चा त्या ऑफरशी होते आणि जुन्या पगाराचा विषय बहुधा मागे पडतो.

ज्या कन्सल्टन्सीला तुम्ही ८ लाख ४० हजार सांगितले आहेत, तिच्याकडे तो आकडा नोंदलेला राहणार. तिच्याकडून पुन्हा फोन आला तर नकाराचा उपयोग नाही. तिथे सध्याचा पगार आणि अपेक्षा एकत्र सांगणारे वरचे उत्तरच द्या, आणि तुमचे प्रोफाइल कोणत्या कंपनीला, कोणत्या अपेक्षेसह पाठवले हे दर वेळी मेलवर कळवायला सांगा. तुम्हाला आता फोन करणार आहे ती कंपनी त्यांच्याच मार्फत आलेली नाही ना, एवढे मात्र फोन घेण्यापूर्वी नक्की विचारून घ्या.